नथीवर बोट ठेवलं की ठुशी उघडते: इन्स्टाग्राम दुकानातले चुकणारे टॅग आणि बंद पडणाऱ्या पेमेंट लिंक

माझी मावसबहीण सांगलीत मोत्याच्या नथी, ठुशी, चिंचपेट्या आणि खणाच्या कापडाचे दागिने हाताने करते. मी तिच्या दुकानाची संगणकाकडची बाजू बघते. एका शनिवारी संध्याकाळी तिचा फोन आला, "ताई, नथीच्या फोटोवर बोट ठेवलं की ठुशी उघडते. आणि दुसरी एक बाई म्हणतेय, लिंकवर पैसे आधीच भरलेत असं दाखवतंय. तिने तर एक रुपयाही दिलेला नाही."

या दोन्ही तक्रारी आधीही आल्या होत्या. दर वेळी आम्ही टॅग काढून नव्याने लावायचो, नवी लिंक बनवून पाठवायचो, आणि पंधरा दिवसांत गाडं पुन्हा तिथेच यायचं. त्या शनिवारी रात्री बसून आम्ही मुळापर्यंत गेलो. हाताने वस्तू करून विकणाऱ्या बऱ्याच जणी याच दोन ठिकाणी अडकतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी बिघाड कुठे आहे ते शोधा

स्वतःच्या दुकानाच्या खात्यातून तपासू नका. घरातल्या दुसऱ्या कुणाचा फोन घ्या, त्यावरून आपली पोस्ट उघडा आणि गिऱ्हाईक जाईल तसं टप्प्याटप्प्याने जा: फोटोवरचा टॅग, मग वस्तूचं पान, मग वेबसाइट, मग पैसे. गाडी ज्या टप्प्यावर अडते तिथेच बिघाड असतो.

टॅग दिसतच नाही किंवा भलतीच वस्तू उघडते, तर दोष कॅटलॉगमध्ये, म्हणजे इन्स्टाग्रामला दिलेल्या आपल्या वस्तूंच्या यादीत आहे. टॅग बरोबर उघडतो पण वेबसाइटचं पान येत नाही, तर कॅटलॉगमधली लिंक चुकली आहे. पान येतं पण पैसे भरता येत नाहीत, तर पेमेंटकडे बघायचं. आम्ही इतके दिवस या तिन्ही गोष्टी एकच समजून कधी इकडे तर कधी तिकडे हात घालत होतो, आणि त्यातच वेळ जात होता.

इन्स्टाग्रामवरचं दुकान सांभाळायचं मेटाचं साधन म्हणजे कॉमर्स मॅनेजर. त्यात कॅटलॉग उघडलात की अडचणी दाखवणारा एक भाग असतो. कुठली वस्तू नाकारली आणि का, ते तिथे वस्तूनिहाय लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय काहीही बदलू नका. विशेषतः वस्तू काढून टाकून पुन्हा घालू नका. तसं केल्याने काय होतं ते पुढे येतंच.

नथीच्या जागी ठुशी का आली

आमचा कॅटलॉग एका गूगल शीटमधून भरला जातो. एका ओळीत एक वस्तू. ती शीट कॉमर्स मॅनेजरला जोडलेली आहे आणि रोज एकदा तिथून माहिती उचलली जाते. प्रत्येक वस्तूला `id` नावाचा एक रकाना असतो. फोटोवर आपण टॅग लावतो तेव्हा तो टॅग वस्तूचं नाव किंवा चित्र लक्षात ठेवत नाही, तो ही `id` धरून ठेवतो. उद्या त्याच `id` पुढे तुम्ही दुसरं नाव, दुसरा फोटो आणि दुसरी किंमत लिहिलीत, तर जुन्या फोटोवरचा टॅग निमूटपणे नवी वस्तू दाखवू लागतो.

बहिणीच्या शीटमध्ये त्या रकान्यात अनुक्रमांक होते. ते हाताने लिहिलेलेही नव्हते. कुणीतरी तिला सोय म्हणून हे सूत्र घालून दिलं होतं:

```
=ROW()-1
```

म्हणजे ओळीचा जो नंबर, त्यातून एक वजा. पहिली ओळ शीर्षकांची असल्यामुळे पहिल्या वस्तूला १, दुसरीला २, असे नंबर आपोआप पडतात. दिसायला नीटनेटकं, आणि नेमकं हेच घातक.

त्या आठवड्यात शीटमध्ये ४१ वस्तू होत्या. तिसऱ्या नंबरची चिंचपेटी विकली गेली. एकच नग होता, म्हणून बहिणीने ती ओळ पुसली. खालच्या सगळ्या ओळी एकेक घर वर सरकल्या आणि सूत्राने त्यांना नवे नंबर दिले. ७ नंबरला मोत्याची दाबाची नथ होती, ती ६ झाली. ८ नंबरची खणाची ठुशी ७ झाली. नथीच्या फोटोवरचा टॅग मात्र ७ धरून बसलेला होता, त्यामुळे तिथे ठुशी उघडू लागली.

हिशेब मांडल्यावर आम्ही दोघी गप्प झालो. ४१ पैकी पहिल्या दोन वस्तूंचे टॅग बरोबर होते. ३ ते ४० या ३८ वस्तूंच्या फोटोंवर शेजारची वस्तू उघडत होती. आणि ४१ हा नंबर शीटमध्ये उरलाच नव्हता, म्हणून त्या वस्तूचा टॅग गळून पडला होता. एक ओळ पुसल्याचा हा परिणाम. आम्ही मात्र "नथीचा टॅग बिघडला" म्हणून फक्त तेवढाच काढून लावत होतो.

तुमच्याकडे हेच झालंय का, ते ओळखायला सोपं आहे. एखाददुसरा टॅग चुकला असेल तर तो लावताना चूक झाली असेल. पण एका ठरावीक वस्तूपासून पुढे सगळेच टॅग शेजारची वस्तू दाखवत असतील, तर नंबर सरकले आहेत हे नक्की समजा.

दुरुस्ती: नवे कोड देण्याची घाई करू नका

इथे पहिला मोह होतो तो सगळे नंबर फेकून चांगले, अर्थपूर्ण कोड देण्याचा. मलाही झाला होता. पण नवा `id` म्हणजे कॅटलॉगच्या दृष्टीने नवी वस्तू. जुनी वस्तू नाहीशी होते आणि तिच्यासोबत प्रत्येक फोटोवरचा टॅगही जातो. मग ४१ पोस्ट एकेक करून उघडून टॅग लावत बसायचं.

त्यापेक्षा जुनी घडी परत बसवा. गूगल शीटमध्ये फाइल मेनूत आवृत्त्यांचा इतिहास असतो. तिथून पुसलेली चिंचपेटीची ओळ आम्ही शोधली आणि तिसऱ्या जागी परत घातली. सगळे नंबर आपापल्या घरी आले. मग `id` चा पूर्ण रकाना निवडून कॉपी केला आणि तिथेच 'फक्त मूल्ये' या पर्यायाने चिकटवला, म्हणजे सूत्र गेलं आणि आकडे कायमचे राहिले. चिंचपेटीच्या `availability` मध्ये `out of stock` लिहिलं. पुढच्या वेळी शीट वाचली गेली तेव्हा ३८ टॅग आपोआप बरोबर झाले. फक्त ४१ नंबरची वस्तू मधल्या काळात कॅटलॉगमधून गेली होती, म्हणून तेवढी एक पोस्ट एडिट करून टॅग पुन्हा लावावा लागला.

तेव्हापासून दोन नेम पाळतो. विकलेल्या वस्तूची ओळ कधीही पुसायची नाही, फक्त साठा संपला असं लिहायचं. आणि नव्या वस्तूला हाताने लिहिलेला कोड द्यायचा, जो पुन्हा दुसऱ्या कशालाही द्यायचा नाही. जुने १ ते ४१ आकडे तसेच राहिलेत, नवीन ओळी अशा दिसतात:

```
id,title,description,availability,condition,price,link,image_link,brand
NATH-DAB-042,मोत्याची दाबाची नथ,नाक टोचलेलं नसलं तरी घालता येते,in stock,new,650.00 INR,https://example.com/nath-dab-042,https://example.com/img/042.jpg,MyBrand
```

यात किमतीचा रकाना नीट बघा. `650.00 INR` असंच लिहायचं. आमच्या शीटमध्ये तो रकाना चलनाच्या स्वरूपात होता, म्हणून आकड्यापुढे ₹ चिन्ह येत होतं आणि तेही शीटसोबत बाहेर जात होतं. रकान्याचं स्वरूप साधा मजकूर असं केलं की हा त्रास मिटतो. फोटो कमीत कमी ५०० बाय ५०० पिक्सेलचा हवा आणि त्यावर किंमत किंवा 'सूट' असं काही छापलेलं नको.

दाबाची नथ आणि टोचलेल्या नाकाची नथ यांच्यासाठी दोन वेगळ्या ओळी, दोन वेगळे `id` करा. एकाच नथीचे हे दोन प्रकार एकत्र दिसावेत असं वाटत असेल, तर `item_group_id` नावाचा रकाना जोडून दोन्ही ओळींत त्यात एकच कोड लिहा. आम्ही आधी एकाच ओळीत "दाबाची किंवा टोचलेली, कळवा" असं लिहायचो. परिणामी टोचलेल्या नाकाची नथ नाक न टोचलेल्या मुलीच्या घरी पोहोचायची आणि परत यायची.

इथे एक फार महत्त्वाची गोष्ट सांगते. कॅटलॉगला जोडलेली शीट 'लिंक असलेल्या कुणालाही बघता येईल' अशी ठेवावी लागते. बहिणीने त्याच फाइलमध्ये दुसऱ्या पानावर गिऱ्हाइकांची नावं, पत्ते आणि फोन नंबर ठेवले होते. ते मी त्या रात्रीच वेगळ्या खासगी फाइलमध्ये हलवले. तुमचंही असं असेल तर हे वाचून झाल्यावर सगळ्यात आधी तेवढं करा.

पेमेंट लिंक टॅगच्या मागे का टिकत नाही

आता दुसरी तक्रार. वेबसाइटवर पान बनवायला वेळ लागतो म्हणून बहिणीने पाच नव्या वस्तूंच्या `link` रकान्यात पेमेंट गेटवेवर, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेवर, बनवलेली लिंक टाकली होती. त्याच लिंक स्टोरीतही लावल्या होत्या. तिचा विचार सरळ होता: टॅगवर बोट, लगेच पैसे, काम झालं. पण यात दोन गोष्टी आडव्या येतात.

पहिली गोष्ट डोमेनची. दुकान उघडताना आपण आपल्या वेबसाइटच्या डोमेनची पडताळणी करतो. त्यासाठी वेबसाइटच्या `<head>` मध्ये अशी एक ओळ घालावी लागते, किंवा डोमेनच्या डीएनएसमध्ये नोंद करावी लागते:

```
<meta name="facebook-domain-verification" content="तुमचा-कोड" />
```

वस्तूंच्या लिंक त्याच डोमेनवरच्या असायला हव्यात, आणि त्या पानावरून वस्तू थेट विकत घेता यायला हवी. गेटवेची लिंक गेटवेच्या डोमेनवर असते, आपल्या नाही. म्हणून त्या पाचही वस्तू अडचणींच्या यादीत लाल दिसत होत्या. याच कारणाने ज्या पानावर फक्त 'व्हॉट्सॲपवर विचारा' एवढंच बटण आहे, तेही पुरेसं धरू नका. पानावर विकत घेण्याचं खरं बटण हवं.

दुसरी गोष्ट पेमेंट लिंकच्या स्वभावाची. गेटवेची साधी पेमेंट लिंक ही एका गिऱ्हाइकाला दिलेल्या बिलासारखी असते. एकाने पैसे भरले की ते बिल भरलं गेलं. दुसऱ्याने तीच लिंक उघडली की त्याला 'पैसे भरलेले आहेत' असं दिसतं. त्या शनिवारच्या बाईला हेच दिसलं होतं. ८५० रुपयांच्या ठुशीचे पैसे स्टोरी बघणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकाने सकाळीच भरले होते, आणि ठुशीचे अजून तीन नग पेटीत पडून होते. लिंक बिघडली नव्हती, तिने तिचं काम केलं होतं. त्यावर बहीण नवी लिंक बनवून शीटमध्ये टाकायची, ती पुढच्या विक्रीला बंद पडायची, आणि हे चक्र चालूच राहायचं.

हे दोन धागे आम्ही वेगळे केले. टॅगच्या मागे वेबसाइटवरचं वस्तूचं कायमचं पान. त्या पानावर गेटवेचं चेकआउट जोडलेलं, जे कितीही जणांकडून पैसे घेतं आणि नगांची संख्या मोजतं. पेमेंट लिंक फक्त मेसेजवर ठरलेल्या खास ऑर्डरीसाठी: कुणाला नथीत हिरव्याऐवजी लाल खडा हवा, कुणाला नथ आणि ठुशी एका पार्सलमध्ये हवी, कुणाला मुलीच्या गळ्याच्या मापाची चिंचपेटी करून हवी.

अशा ऑर्डरीसाठी लिंक बनवताना आम्ही तीन गोष्टी न चुकता भरतो. वर्णनात वस्तूचा कोड आणि ठरलेला बदल, म्हणजे महिन्याने वाद झाला तर दोघींसमोर लेखी असतं. मुदत २४ तास, कारण एकच नग असेल तर तो कुणासाठी किती वेळ राखून ठेवला ते ठरलेलं असतं. आणि करून द्यायची वस्तू असेल तर अर्धी रक्कम आधी. बऱ्याच गेटवेमध्ये अर्धवट रक्कम स्वीकारण्याचा पर्याय असतो, त्यासाठी दोन लिंक बनवाव्या लागत नाहीत.

एकच नग असेल तर क्रमही पाळावा लागतो. मेसेजवर सौदा ठरला की आधी वेबसाइटवर त्या वस्तूचा साठा शून्य करायचा, मग लिंक पाठवायची. शीट दिवसातून एकदाच वाचली जाते, त्यामुळे इन्स्टाग्रामवर ती वस्तू आणखी काही तास 'उपलब्ध' दिसू शकते. पण टॅगवरून कुणी पानावर आलं तरी तिथे साठा शून्य असतो आणि पैसे जात नाहीत. मुदत संपली आणि पैसे आले नाहीत, तर साठा परत एक करायचा.

साठा संपलेल्या पानावर बहिणीने एक ओळ ठेवली आहे: 'अशीच करून हवी असल्यास कळवा'. तिच्या खाली व्हॉट्सॲपचं बटण:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=NATH-DAB-042
```

नंबरच्या आधी ९१ लावायचं, अधिकचं चिन्ह किंवा शून्य लावायचं नाही. बटण दाबलं की मेसेजमध्ये कोड आधीच लिहिलेला येतो. त्यामुळे "ती मागच्या महिन्यातली, मोती असलेली" अशी शोधाशोध करावी लागत नाही.

पान उघडतं, पण यूपीआय ॲप उघडत नाही

टॅग आणि लिंक सुधारल्यावर ही तिसरी अडचण उरली. गिऱ्हाईक इन्स्टाग्रामच्या आतूनच पान उघडतं, यूपीआयचं बटण दाबतं, आणि पांढरा पडदा येतो किंवा हा मजकूर दिसतो:

```
net::ERR_UNKNOWN_URL_SCHEME
```

याचा अर्थ असा की इन्स्टाग्रामच्या आतल्या छोट्या ब्राउझरला `upi://` ने सुरू होणाऱ्या पत्त्याचं काय करायचं ते कळलं नाही. खात्री करायची तर तेच पान फोनच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडून बघा. तिथे पैसे जात असतील तर दोष तुमच्या खात्यात नाही, या आतल्या ब्राउझरमध्येच आहे.

आमच्याकडे हे घडलं, कारण चेकआउट जोडायच्या आधी बहिणीने पानावर स्वतःच असं बटण ठेवलं होतं आणि ते काढायचं राहिलं होतं:

```
upi://pay?pa=yourid@bank&pn=MyBrand&am=650.00&cu=INR&tn=NATH-DAB-042
```

ही ओळ चुकीची नाही. `pa` म्हणजे पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता, `am` रक्कम, `tn` टीप. यातून क्यूआर कोड बनवून पार्सलच्या टेबलावर किंवा प्रदर्शनातल्या स्टॉलवर ठेवला तर छान चालतो. पण इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये ती लिंक म्हणून बसत नाही. शिवाय पैसे आले की नाही हे या ओळीतून वेबसाइटला कळत नाही, म्हणून साठा कमी होत नाही. ते बटण काढून टाकलं आणि फक्त गेटवेचं चेकआउट ठेवलं. त्यात यूपीआय ॲप उघडलं नाही तरी क्यूआरचा किंवा कार्डाचा रस्ता असावा, हे गेटवेच्या सेटिंगमध्ये बघून घ्या. तरीही कुणी अडकलं, तर एक मेसेज आम्ही तयार ठेवला आहे: "वर कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर दाबा आणि बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा." बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

स्टॉलवर किंवा मेसेजवर थेट यूपीआयने पैसे घेत असाल, तर 'पैसे पाठवले' असा स्क्रीनशॉट बघून पार्सल बांधू नका. स्क्रीनशॉट कुणीही बनवू शकतं. १२ आकडी व्यवहार क्रमांक मागून घ्या आणि तो स्वतःच्या बँकेच्या नोंदीत शोधा. तिथे दिसला तरच पार्सल.

वस्तू नाकारली जाते, पण सगळं बरोबर वाटतं

कधी कधी नंबर, लिंक, किंमत सगळं ठीक असतं तरी वस्तू लाल होते. अशा वेळी नाव आणि वर्णन परक्या माणसाच्या नजरेने वाचा. हस्तिदंत, हाड, शिंग यांच्या वस्तू कॅटलॉगमध्ये विकायला बंदी आहे. आमच्या एका कापडी हाराच्या नावात रंग म्हणून 'आयव्हरी' लिहिलं होतं आणि तो हार नाकारला गेला. 'मोतिया रंग' असं लिहून पुन्हा तपासणीला पाठवला, दुसऱ्या दिवशी तो मान्य झाला. तांब्याच्या कड्याने सांधेदुखी जाते, अमुक खड्याने आजार बरा होतो, असे दावेही लिहू नका. ते वस्तूला अडवतात, आणि दुखणं घेऊन बसलेल्या माणसाला भलत्या आशेला लावतात.

आता दर शुक्रवारी रात्री नवा माल टाकल्यावर बहीण तिच्या सासूबाईंचा फोन मागून घेते. एक नवी पोस्ट आणि तीन जुन्या पोस्ट उघडते, टॅगवरून पानापर्यंत जाते, 'विकत घ्या' दाबून पैशांचा पडदा येतो का ते बघते आणि तिथून परत फिरते. याला दहा मिनिटं लागतात. जुन्या पोस्टमध्ये सातव्या नंबरची नथ ती मुद्दाम निवडते.